जेवणानंतर रोज लागणारी उचकी: थांबवायची कशी, आणि डॉक्टरकडे कधी जायचं

"डॉक्टर, उचकी थांबते हो. साखर खाल्ली की थांबते, श्वास धरला की थांबते. पण दुसऱ्या दिवशी जेवलं की परत हजर!"

माझ्याकडे आलेल्या चौपन्न वर्षांच्या एका गृहस्थांचं हे वाक्य. ते संध्याकाळचे क्लास घेतात, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. सहा आठवडे हे चाललं होतं. उचकी थांबवायचे दहा उपाय त्यांना तोंडपाठ झाले होते, पण ती लागते का, याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. लागलेली उचकी थांबवणं हे एक काम आणि ती पुन्हा लागू न देणं हे दुसरं. दुसऱ्या कामात साखर, पाणी, श्वास यांचा काहीही उपयोग नाही. तिथे एकच गोष्ट कामाला येते, ती म्हणजे घड्याळ. जेवायला बसल्यापासून नेमकी कितव्या मिनिटाला उचकी सुरू होते, हे कळलं की निम्म्याहून अधिक उलगडा तिथेच होतो.

एकदोनदा उचकी लागून पाचदहा मिनिटांत थांबत असेल, तर त्यात शोधण्यासारखं काही नाही. हे लेखन आठवड्यातून बऱ्याचदा जेवणाच्या आगेमागे उचकी लागणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. तान्ह्या बाळांच्या उचकीचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

जेवणाशी तिचा संबंध कुठून येतो

छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो खाली ओढला गेला की आपण श्वास आत घेतो. उचकीच्या वेळी हा स्नायू आपल्याला न विचारता एकदम आकसतो, हवा झपकन आत येऊ लागते आणि साधारण ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राचं तोंड बंद होतं. बंद दारावर हवा आपटते, तोच तो 'उच्' असा आवाज.

हे घडवून आणणारी नसांची एक वाट आहे. श्वासपटलाला हुकूम देणारी फ्रेनिक नस मानेतून निघते, हृदयाच्या कडेने खाली उतरते आणि श्वासपटलाला पोहोचते. दुसरी नस व्हेगस. ती मेंदूच्या बुडापासून निघून घसा, अन्ननलिका, जठर असा लांबचा प्रवास करते, तिची एक बारीक फांदी कानातही जाते. या वाटेवर कुठेही टोचणी लागली तरी उचकी सुरू होऊ शकते. कानाच्या पडद्याला टेकलेल्या एका केसामुळे दिवसेंदिवस उचकी लागल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, म्हणून मी अशा प्रत्येक माणसाच्या कानात डोकावते.

आता जठर कुठे असतं ते पाहा. श्वासपटलाच्या बरोबर खाली, डाव्या बाजूला. जठर फुगलं की ते श्वासपटलाला खालून ढकलतं आणि त्याच्या भिंतीतल्या व्हेगसच्या तारा ताणल्या जातात. अन्ननलिका तर श्वासपटलातल्या एका छिद्रातूनच खाली येते. त्यामुळे जेवण, अन्ननलिकेतली जळजळ आणि उचकी यांचं घर एकमेकांना लागून आहे.

घड्याळ काय सांगतं

घास तोंडात असतानाच, म्हणजे पहिल्या दोनचार घासांतच उचकी लागत असेल, तर बहुतेक वेळा कारण घशात आणि अन्ननलिकेत असतं. फार गरम, फार तिखट, कोरडा किंवा नीट न चावलेला मोठा घास, गरमागरम खाण्यावर बर्फासारखं थंड पाणी, ही नेहमीची निरुपद्रवी कारणं. घास बदलला की ती जाते. पण अशा उचकीबरोबर घास छातीत अडकल्यासारखा वाटत असेल तर ती निरुपद्रवी म्हणायची नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

जेवण संपता संपता किंवा हात धुतल्यावर पंधरावीस मिनिटांत लागली, तर जठर ताणलं गेलं आहे. एका बैठकीत खूप खाल्लं, भराभरा खाल्लं, खाताना बोलत राहिल्यामुळे हवा गिळली, गॅस भरलेलं पेय घेतलं, दारू घेतली, शेवटी लोटाभर पाणी एका दमात प्यायलं. यातलं एखादं तरी कारण बहुधा सापडतंच.

जेवल्यावर अर्ध्या तासापासून दोनतीन तासांपर्यंत, विशेषतः आडवं झाल्यावर किंवा वाकून काम करताना लागली, तर जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येत असण्याचा संशय घ्यावा. बरोबर आंबट ढेकर, छातीत जळजळ, सकाळी घसा खवखवणं, सारखं खाकरावंसं वाटणं यांपैकी काही असेल तर संशय बळावतो. काहींना जळजळ अजिबात होत नाही, फक्त उचकी लागते. त्यांचं निदान हमखास लांबतं.

आणि जेवणाशी वेळच जुळत नसेल, उपाशीपोटीही लागत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर पोटाच्या पलीकडे शोधावं लागतं.

हे काही काटेकोर कप्पे नाहीत. एकाच माणसात दोन प्रकार एकत्र असू शकतात, आणि सरांच्या बाबतीत नेमकं तेच होतं.

सरांची वही

सरांनी सांगितलं, "जेवलं की उचकी." इतक्यावर काही ठरवता येत नाही. मी त्यांना सात दिवस एका वहीत पाच गोष्टी लिहायला सांगितल्या: जेवण कधी सुरू झालं, कधी संपलं, पहिली उचकी कधी लागली, कधी थांबली, आणि ती लागली तेव्हा ते काय करत होते. शेवटच्या रकान्याबद्दल ते जरा कुरकुरले. "बसलो होतो, काय लिहायचं त्यात?" म्हटलं, बसला होतात की रेललेला होतात, तेच लिहा.

वही घेण्याआधी बाकीची चौकशी केली. घास अडकतो का, वजन उतरलंय का, शौचाला काळं होतं का, चालताना छातीत भरून येतं का, तोल जातो का, नवीन कोणती गोळी सुरू झाली आहे का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं, काही झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, अफूवर्गातली वेदनाशामकं, केमोथेरपीची काही औषधं यांनी उचकी लागते, आणि अनेकदा औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच. सरांचं असं काही नव्हतं. पोट, छाती, कान तपासले, ईसीजी काढला, रक्तात साखर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम पाहिलं. सगळं ठीक आलं. उचकी लागलेल्या प्रत्येकाला एवढ्या तपासण्या लागत नाहीत, पण पन्नाशीपुढे प्रथमच असा त्रास सुरू होऊन सहा आठवडे टिकला, तर एवढं पाहून घेणं मला योग्य वाटतं.

सात दिवसांनी वही आली. सात दिवसांत उचकीचे सहा झटके. चार रात्रींचं चित्र जवळपास सारखं होतं. त्यातल्या सोमवारची नोंद अशी: जेवण सुरू ९:४०, संपलं ९:४९, पहिली उचकी ९:५६, थांबली १०:२०. नऊ मिनिटांत पूर्ण जेवण! दुपारी वर्गांच्या घाईत जेमतेम चार घास, मग तीन तास सलग बोलणं, आणि रात्री भुकेने कासावीस होऊन भरलेल्या ताटावर बसणं. शेवटी दोन मोठे पेले पाणी.

उरलेले दोन झटके निराळे होते. दोन्ही सव्वाअकराच्या सुमाराला, जेवण होऊन दीड तास झाल्यावर. शेवटच्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, "पलंगावर आडवा, मोबाइल बघत होतो, तोंडात आंबट पाणी." त्या आंबट पाण्याबद्दल ते तोंडी एकदाही बोलले नव्हते. उचकीशी त्याचा संबंध असेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

म्हणजे दोन आजार नव्हेत, पण दोन यंत्रणा. आधी पहिली हाताळली. साडेसहाला दोन वर्गांच्या मध्ये थोडं खायचं, म्हणजे रात्री भुकेचा डोंब उसळत नाही. रात्रीचं ताट तिसऱ्या हिश्शाने कमी. जेवायला किमान वीस मिनिटं. हे वीस मिनिटांचं बोलायला सोपं, पाळायला अवघड. सरांनी त्यावर स्वतःच युक्ती काढली. प्रत्येक घास गिळून होईपर्यंत पुढचा घास हातात घ्यायचाच नाही, हात ताटाबाहेर ठेवायचा. पाणी जेवताना घोटघोट, शेवटी लोटा रिकामा करणं बंद. जेवताना फोनवर बोलणं बंद, कारण बोलता बोलता गिळलं की घासाबरोबर हवाही जाते.

दुसऱ्या आठवड्याच्या वहीत जेवणानंतर लगेच लागणारे झटके चारावरून एकावर आले. तो एक एका समारंभातून जेवून आल्यावरचा होता. उशिराचे दोन मात्र तसेच राहिले.

मग त्यांच्याकडे वळलो. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवायचं होतं, पण क्लासमुळे ते शक्य नव्हतं. मग निदान दोन तास, आणि त्या वेळात आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे घालून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच केली. नुसत्या जास्त उशा घेतल्या तर माणूस कमरेत मोडतो, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट वर ढकललं जातं, म्हणून ठोकळेच हवेत. झोपताना डावी कूस. त्या कुशीवर जठराचं तोंड आम्लाच्या पातळीपेक्षा वर राहतं. सोबत आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल गटातली गोळी चार आठवडे, जेवणाआधी अर्धा तास. ही गोळी जेवल्यावर किंवा त्रास झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही. ती आम्ल तयार करणारे पंप बंद करते आणि ते पंप जेवताना चालू होतात, म्हणून औषध त्याआधी रक्तात पोहोचलेलं हवं. आधी कुठूनतरी घेऊन सरांनी ती आठवडाभर खाल्ली होती, पण रात्री झोपताना. "त्या गोळीने काही होत नाही" हे त्यांचं मत तिथून आलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात उशिराची उचकी थांबली. चार आठवडे नीट औषध घेऊनही फरक पडला नसता, तर दुर्बिणीतून अन्ननलिका आणि जठर पाहायचं हे आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. औषध बदलत बसण्यापेक्षा ते बरं.

तुम्ही घरी यातलं काय करू शकता? वही आणि जेवणाच्या पद्धतीतले बदल हे सगळं. दोन आठवडे प्रामाणिकपणे करा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण आम्ल कमी झालं की काही गंभीर आजारांची लक्षणंही काही काळ दबतात.

लागलेली उचकी थांबवायची असेल तर

सगळ्या घरगुती उपायांचं तत्त्व दोनपैकी एक असतं. एकतर रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवून श्वासपटलाला शांत करायचं, नाहीतर घशातून व्हेगसला दुसरं काहीतरी काम देऊन उचकीचा ताल मोडायचा. यापैकी कोणत्याच उपायाला भरभक्कम पुरावा नाही, पण धोका नसलेले दोनतीन करून पाहायला हरकत नसते.

मी पहिल्यांदा श्वासाचा उपाय सांगते. सरळ बसा. आतली सगळी हवा सोडा. मग जमेल तेवढा खोल श्वास घेऊन दहा सेकंद धरा. आता न सोडताच त्यावर आणखी थोडी हवा आत ओढा, पाच सेकंद धरा. पुन्हा आणखी किंचित ओढा, पुन्हा पाच सेकंद. मग सावकाश सोडा. लोक चुकतात ते मधल्या पायरीवर. दहा सेकंद झाले की नकळत हवा सुटते आणि मग वरची भर घालण्यात अर्थ उरत नाही. श्वासपटल पूर्ण खाली ताणून धरलेलं राहिलं पाहिजे, म्हणजे त्याला झटका द्यायला जागाच राहत नाही. चक्कर आली तर लगेच सोडा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी हे करू नये.

दुसरा, बारीक स्ट्रॉने पाणी जोर लावून ओढायचं आणि ओढल्या ओढल्या गिळायचं. जोराने ओढताना श्वासपटलाला ठरवून आकसावं लागतं, लगोलग गिळताना स्वरयंत्र बंद होतं, आणि दोन्ही नसा एकाच वेळी कामाला लागतात. स्ट्रॉ नसेल तर श्वास रोखून आठदहा छोटे घोट सलग गिळले तरी चालतं.

साखरेबद्दल सगळे विचारतात. १९७१ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं टिपण आलं होतं: २० जणांना चमचाभर कोरडी साखर गिळायला दिली, १९ जणांची उचकी थांबली. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि उचकी बहुतेक वेळा आपोआपच थांबते, त्यामुळे आकडा जितका दिसतो तितका मोठा नाही. तरी उपाय निरुपद्रवी आहे. साखर विरघळवायची नाही, दाणेदार असतानाच गिळायची. घशाला दाणे घासले जाणं हाच त्यातला मुद्दा आहे. मधुमेह असलेल्यांनी रोज दोनदा हे करणं मात्र शहाणपणाचं नाही.

जेवणानंतर लगेच लागलेल्या उचकीत उठून दहा मिनिटं हळू चालणं आणि ढेकर येऊ देणं यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. कमरेचा पट्टा किंवा नाडी सैल करा. इतकी साधी गोष्ट कोणाला सुचत नाही.

आता काय करू नये. डोळ्यांची बुबुळं दाबणं आणि मानेच्या बाजूची नाडी चोळणं हे जुने उपाय अजून सांगितले जातात. पहिल्याने डोळ्याला इजा होऊ शकते. दुसऱ्याने वयस्क माणसाच्या नाडीचे ठोके एकदम मंदावून तो कोसळू शकतो, आणि नाडीच्या भिंतीवरचा थर सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. तोंडावर प्लास्टिकची पिशवी धरणं तर कधीच नको. आम्लपित्ताची शंका असताना व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पिणं म्हणजे भाजलेल्या जागेवर मीठ चोळणं.

आणखी एक. उचकीसाठी डॉक्टर कधी बॅक्लोफेन, मेटोक्लोप्रमाइड, गॅबापेन्टिन, क्लोरप्रोमॅझिन अशी औषधं देतात. कोणाच्या तरी घरात उरलेली गोळी घेऊ नका. बॅक्लोफेन मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साचतं आणि माणूस गुंगीत जातो. आणि उचकी न थांबण्यामागे मूत्रपिंडाचा बिघाड हेच कारण असू शकतं, म्हणजे ज्याला ती गोळी घ्यावीशी वाटते त्यालाच ती घातक ठरण्याची शक्यता असते.

डॉक्टरकडे कधी

वैद्यकात ४८ तासांची रेघ आहे. दोन दिवसांपेक्षा जास्त सलग चाललेली उचकी ही चिवट उचकी, तिला तपासणी हवीच. महिन्याहून जास्त टिकली तर ती हट्टी. यात जगाचा विक्रम अमेरिकेतल्या चार्ल्स ऑसबोर्न यांच्या नावावर आहे, त्यांची उचकी १९२२ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. इतकं कोणाच्या वाट्याला येत नाही. पण चारपाच दिवसांची सलग उचकीसुद्धा झोप, जेवण, वजन सगळं पोखरते, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या पुढे वाट पाहू नका.

झोपेत थांबते का, हेही घरच्यांनी पाहावं. झोप लागल्यावर थांबणारी उचकी सहसा कमी काळजीची. झोपेतही चालू राहणाऱ्या उचकीमागे शरीरातलं कारण असण्याची शक्यता जास्त. मात्र झोपेत थांबली म्हणून सगळं ठीक, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

काही वेळा मात्र ४८ तास मोजत बसायचं नसतं. उचकीबरोबर एकाएकी गरगरणं, तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळताना ठसका लागणं, तोंडाचा किंवा अंगाचा एक भाग बधिर होणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा. उचकीचं केंद्र मेंदूच्या बुडाशी आहे आणि तिथला रक्तपुरवठा अडला तर उचकी हे त्याचं एक लक्षण असू शकतं. अशा माणसाला उचकी थांबावी म्हणून पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाईल. छातीत दाटणं, घाम फुटणं, धाप लागणं, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, पोटात असह्य दुखणं यांनाही हाच नियम. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाची लघवी कमी होऊन उचकी सुरू झाली, किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर ती थांबेना, तर त्याच दिवशी दाखवा.

जेवणानंतरची उचकी रोज येतेजाते, सलग ४८ तास कधीच टिकत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की आपल्याला ती रेघ लागू नाही. दोन आठवडे जेवणाची पद्धत बदलूनही ती बहुतेक दिवस लागत असेल, तर दाखवायला पाहिजे. दाखवताना वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जमल्यास उचकीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बरोबर न्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती हमखास थांबलेली असते, आणि ढेकर, ठसका व उचकी यांत सांगताना बऱ्याचदा गल्लत होते.

अडकलेला घास

आता वर राहिलेली गोष्ट. साठीच्या एक बाई मुलीबरोबर आल्या. जेवताना तिसऱ्याचौथ्या घासाला उचकी, मग दोनतीन घोट पाणी, मग बंद. वर्षभर चाललेलं. मुलगी म्हणाली, "आईला पाण्याने लगेच बरं वाटतं, म्हणून आम्ही काही केलं नाही."

मी विचारलं, पाण्याआधी नेमकं काय वाटतं? त्यांनी शब्दांत उत्तर दिलं नाही. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं आणि दाबून दाखवलं. "इथे थांबल्यासारखं होतं. मग पाणी घेतलं की सरकतं."

म्हणजे पाण्याने उचकी थांबत नव्हती. पाणी अडकलेला घास खाली ढकलत होतं आणि घास सरकला की उचकी आपोआप थांबत होती. आणखी विचारल्यावर कळलं की गेल्या काही महिन्यांत त्यांनी कोरडं खाणं सोडलं होतं, सगळं कालवून, पातळ करून खात होत्या. जेवायला सगळ्यांच्या शेवटी उठत. घरात कोणाला ते खटकलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही, कारण माणूस अशा सवयी इतक्या हळूहळू लावून घेतो की त्या आजाराच्या खुणा आहेत हेच कळत नाही.

दुर्बिणीतून पाहिल्यावर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या आम्लाने वण धरून ती अरुंद झालेली दिसली. तुकडा काढून तपासला, सुदैवाने कर्करोग नव्हता. अरुंद जागा दुर्बिणीतूनच हळूहळू रुंद करून घेतली, दोन वेळा करावं लागलं, आणि आम्ल कमी करणारं औषध कायमचं सुरू झालं. उचकी गेली.

दोन वर्षांनी एक दिवस जेवताना त्यांना पुन्हा उचकी लागली आणि घास पुन्हा त्याच जागी थांबला. या वेळी त्या पाचव्या दिवशी आल्या, एकट्या, आणि खुर्चीत बसण्याआधीच छातीवर त्याच जागी बोट ठेवलं.